इंजेक्शन चालू आहे, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?

*डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या बाबांचं वय ५९, वजन ६० किलो. बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या कधी घेत, कधी नाही. गेल्या महिन्यात डावीकडची वरची दाढ दुखली म्हणून काढली, पण जखम भरलीच नाही. मग गाल बधिर झाला, डोळ्याभोवती सूज आली, एकाची दोन माणसं दिसायला लागली. सोलापूरला नेलं तेव्हा शुगर ४३०, लघवीत कीटोन आणि क्रिएटिनिन १.४ होतं. तपासणीत म्युकर निघाला. लगेच ऑपरेशन झालं, लायपोसोमल इंजेक्शन सुरू झालं, रोज सहा कुप्या. आता चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, पुन्हा साफ करावं लागेल, टाळूचा तुकडाही काढावा लागेल. पहिलं ऑपरेशन नीट झालं नाही का? एवढं महागाचं औषध चालू असताना परत चिरफाड कशाला? काका म्हणतात, तेच इंजेक्शन साधं मिळतं, फार स्वस्त, त्याच्याच सहा कुप्या आणून देतो. शिवाय ते इंजेक्शन ग्लुकोजच्या बाटलीतून देतात, तेही शुगरच्या माणसाला! डोळा काढावा लागेल का, हे विचारायचं धाडस होत नाही.*
*— एक वाचक, बार्शी*

प्रिय ताई,

आधी काकांना फोन करा आणि त्या साध्या कुप्या आणू नका म्हणून सांगा. दोन्ही कुप्यांवर ‘ॲम्फोटेरिसिन बी’ हेच नाव असतं, दोन्ही ५० मिलिग्रॅमच्या असतात, पण डोस अगदी वेगळे. लायपोसोमल प्रकार दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅम देतात; ६० किलोला ३०० मिलिग्रॅम झाले, म्हणून सहा कुप्या. साधा प्रकार दर किलोला १, फार तर दीड मिलिग्रॅम देतात, म्हणजे बाबांना दिवसाला ६० ते ९० मिलिग्रॅम. साध्या सहा कुप्या एका दिवसात शिरेत गेल्या तर हृदय बंद पडू शकतं. अशी अदलाबदल होऊन माणसं दगावली आहेत. त्यामुळे औषध बाहेरून आणायची वेळ आली तर प्रत्येक कुपीवर ‘लायपोसोमल’ हा शब्द आहे का, ते स्वतः वाचा. लिपिड कॉम्प्लेक्स आणि लिपिड इमल्शन असेही दोन प्रकार दुकानात मिळतात. दुकानदार “एकच आहे हो” म्हणाला तरी डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रकार आपण बदलायचा नाही.

आता दुसऱ्या ऑपरेशनकडे येते. पहिलं बिघडलं म्हणून दुसरं करतात, असं या आजारात नसतं. चौथ्या दिवशी पुन्हा दुर्बीण घालून बघणं आणि जे मेलेलं दिसेल ते काढणं हा मूळ उपचाराचाच भाग आहे. मी कान-नाक-घशाची सर्जन आहे. पहिल्या ऑपरेशनच्या टेबलावरून उतरतानाच मी नातेवाइकांना सांगते की दोन-तीन दिवसांनी परत आत बघावं लागणार. तुम्हाला ते आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर ही शंका आली नसती.

हे असं का, ते समजायला ही बुरशी शरीरात काय करते ते बघावं लागेल. म्युकर गटातल्या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या भाजीपाल्यात, शिळ्या पावावर असतात. ते आपल्या सगळ्यांच्या नाकात रोज जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. शुगर दीर्घकाळ वाढलेली असली की या पेशी मंदावतात. त्यात कीटोन वाढून रक्त आम्ल झालं की आणखी एक गोष्ट घडते. रक्तातलं लोह एरवी एका प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं. आम्लतेत ती बांधणी सैल होते आणि लोह मोकळं होतं. या बुरशीला वाढायला लोहच हवं असतं. शिवाय साखर, कीटोन आणि मोकळं लोह यांमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरावर एक विशिष्ट प्रथिन वाढतं आणि बुरशीचे धागे नेमके त्यालाच चिकटून आत घुसतात. बाबांची ४३० शुगर आणि लघवीतले कीटोन ही तिला हवी तशीच जमीन होती.

पुढचं सगळं या रक्तवाहिनीत घुसण्यामुळे होतं. धागे वाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात, तिथे रक्ताची गुठळी होते आणि त्या वाहिनीवर जगणारा भाग मरतो. तोंडात किंवा नाकात जे काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. दाढेची जखम भरली नाही, कारण जबड्याच्या त्या हाडाला रक्त येणंच थांबलं होतं. गाल बधिर झाला, कारण गालाला संवेदना देणारी नस सायनसच्या छतातूनच जाते.

शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर प्रवास करतं. पाट बुजला की पुढच्या वाफ्यापर्यंत पाणी जात नाही, मग विहिरीवर मोटार कितीही वेळ चालवा. मेलेल्या हाडात आणि मांसात बुरशी जिवंत असते, पण तिथवर औषध पोचवायला वाहिनीच उरलेली नसते. रोज सहाच्या दहा कुप्या दिल्या तरी ही अडचण सुटत नाही. त्या भागातून बुरशी शेजारच्या जिवंत भागात सरकत राहते. म्हणून तो भाग शरीराबाहेर काढावाच लागतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या दुर्बिणीला जिवंत दिसणाऱ्या मांसातही बारीक धागे असू शकतात. ते कापून काढायचे तर निम्मा चेहरा काढावा लागेल. तिथे रक्त पोचतं, म्हणून तिथे औषध काम करतं. कापायचं ते मेलेलं, आणि जिवंत भाग राखायचा तो औषधाने.

कुठवर काढायचं हे टेबलावर एका साध्या खुणेवरून ठरतं. आम्ही कापत जातो आणि कडेला लाल रक्त यायला लागलं की थांबतो. पांढुरका, राखाडी किंवा काळा भाग, ज्याला टोचलं तरी रक्त येत नाही, तो जातो. अडचण अशी की पहिल्या दिवशी ज्या कडेला रक्त येत होतं तिथल्या वाहिनीत तिसऱ्या दिवशी गुठळी झालेली असू शकते. औषधाचा जोर बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात थोडा भाग आणखी मरतो. म्हणून दर ४८ ते ७२ तासांनी आत बघायचं. दोन वेळा सलग सगळीकडे गुलाबी, रक्ताळलेलं अस्तर दिसलं की मग खात्री वाटायला लागते. काही रुग्णांना तिसऱ्यांदाही टेबलावर घ्यावं लागतं.

टाळूच्या तुकड्याचं तुम्हाला सर्वांत जास्त भय वाटत असेल. ते हाड मेलं असेल तर ते परत जिवंत होत नाही. ठेवलं तर बुरशीचं घर होऊन बसतं. काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहतं, बोलणं गेंगाणं होतं, पाणी नाकातून येतं. यावर दाताच्या कवळीसारखी एक प्लेट बसवतात, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ऑपरेशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचं माप घेतलं तर तात्पुरती प्लेट लगेच बसवता येते आणि बाबा लवकर तोंडाने जेवायला लागतात. हे माप घ्यायचं राहून जातं, कारण घाईत कुणाला सुचत नाही. तुम्ही उद्याच्या राउंडला विचारा. कायमची प्लेट काही महिन्यांनी, जखम पूर्ण बसल्यावर करतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत कृत्रिम दात बसवणारा विभाग हे काम करतो.

काकांचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. साधं ॲम्फोटेरिसिन हे काही वाईट औषध नव्हे. १९५० च्या दशकापासून ते वापरात आहे आणि बुरशी ते उत्तम मारतं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्याला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. पण आपल्या पेशींच्या आवरणात त्याचाच भाऊबंद, कोलेस्टेरॉल, असतो आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या या औषधाच्या तावडीत सापडतात. त्यातच ते मूत्रपिंडाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्या आकसवतं. थंडी वाजून हुडहुडी भरते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं आणि क्रिएटिनिन चढायला लागतं. निरोगी मूत्रपिंडाच्या तरुणाला हे निभावतं. बाबांची मूत्रपिंडं बारा वर्षं शुगर सोसून आलेली आहेत आणि दाखल होतानाच क्रिएटिनिन १.४ आहे.

पुढे काय होतं ते मी अनेक रुग्णांत पाहिलं आहे. पहिले काही दिवस औषध नीट जातं. मग क्रिएटिनिन दोनच्या वर जातं आणि डॉक्टर डोस अर्धा करतात. तीनच्या वर गेलं की एक-दोन दिवस बंद ठेवतात. जिथे तीन ते सहा आठवडे सलग औषध हवं, तिथे खंड पडत राहतात आणि त्या प्रत्येक खंडात बुरशी पुढे सरकते. साध्या औषधाची बुरशी मारायची ताकद कमी नाही. ते पुरेसं, पुरेसे दिवस देता येत नाही, हा त्याचा दोष.

लायपोसोमल प्रकारात तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या भिंतीत बसवलेलं असतं. या गोळ्या रक्तात अखंड फिरतात, मूत्रपिंडाच्या पेशींना औषध सहजी सोडत नाहीत आणि बुरशीच्या भिंतीला चिकटल्यावर मोकळ्या होतात. त्यामुळे दर किलोला ५ मिलिग्रॅम देता येतं आणि मेंदूपर्यंत आजार गेला असेल तर १० पर्यंतही जाता येतं. दोन्ही प्रकारांची समोरासमोर मोठी तुलना या आजारात झालेली नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शनात पहिली पसंती लायपोसोमलला आहे आणि साधं औषध, दुसरा पर्याय असेल तर, टाळायला सांगितलं आहे. शुगरच्या रुग्णाबाबत मला तरी यात शंका वाटत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. २०२१ च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रात लायपोसोमल मिळेनासं झालं होतं, तेव्हा आम्ही साध्या औषधावरच रुग्ण सांभाळले. आधी सलाइन भरपूर देऊन आणि क्रिएटिनिनवर रोज नजर ठेवून. त्यातले बरेच वाचले. लायपोसोमल हाताशी नसेल तर त्याची वाट बघत रुग्णाला औषधाविना ठेवणं हे सर्वांत वाईट. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात औषध सहा दिवस किंवा त्याहून उशिरा सुरू झालं त्यांच्यात मृत्यूंचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. पण तिथेही साध्या औषधाचा डोस साध्या औषधाचाच असतो. सहा कुप्या नव्हेत. खर्चासाठी आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत म्युकरचा उपचार २०२१ मध्ये घेतला गेला होता. तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का आणि आज इंजेक्शनसाठी किती रक्कम मिळते, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. कोण्या नातेवाइकाने “व्होरिकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या देऊन बघू” असं सुचवलं तर नको म्हणा. ही औषधं दुसऱ्या बुरशींवर चालतात, या बुरशीवर नाही.

आता ग्लुकोजची बाटली. हे इंजेक्शन सलाइनमध्ये मिसळलं तर त्याचे कण गोठून तळाशी बसतात. म्हणून ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. प्रत्येक कुपीत निर्जंतुक पाणी घालून जोरात हलवतात, गाळणीतून काढतात, बाटलीत मिसळतात आणि साधारण दोन तासांत सोडतात. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेबारा ग्रॅम साखर असते. तेवढ्यासाठी इन्सुलिनचे थोडे युनिट वाढवले की भागतं. तुम्ही लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी आधी जे सलाइन देतात त्याच नळीतून लगेच हे इंजेक्शन सोडू नये. मध्ये नळी डेक्स्ट्रोजने धुवून घ्यायची असते. बाटलीत गढूळ कण दिसले तर नर्सला लगेच सांगा.

लायपोसोमलनेही मूत्रपिंडाला त्रास होतोच, फक्त कमी. म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड तपासायला हवं. पोटॅशियमचं मुद्दाम सांगते, कारण बाबांच्या बाबतीत ते दोन बाजूंनी उतरतं. इंजेक्शन ते लघवीवाटे घालवतं आणि इन्सुलिन ते रक्तातून पेशींमध्ये ढकलतं. पाय गळून जाणं, पोट फुगून शौचाला न होणं, छातीत धडधडणं, असं काही दिसलं तर रात्रीसुद्धा ड्युटी डॉक्टरांना उठवा. पोटॅशियम भरूनही चढत नसेल तर मॅग्नेशियम तपासलं का, हे विचारा. ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही.

शुगर सध्या इन्सुलिनवरच ठेवायची, बहुतेक ठिकाणी १४० ते १८० च्या दरम्यान धरतात. त्याबरोबर कीटोन गेले आहेत का आणि रक्ताची आम्लता उतरली आहे का, हेही बघायचं. नुसता शुगरचा आकडा खाली आला म्हणजे बुरशीची जमीन बदलली असं होत नाही. बाबांच्या घरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर डॉक्टरांना सांगा. ही औषधं शुगर फारशी न वाढताही कीटोन वाढवू शकतात आणि अशा आजारपणात बंद ठेवतात.

डोळ्याबद्दल विचारायला घाबरू नका. हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांच्याही मनात रोज असणार. डोळा काढायचा निर्णय सूज किती आहे यावर होत नाही. नजर किती आहे, डोळा सर्व दिशांना फिरतो का, आणि कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये खोबणीतला कोणता भाग मेलेला दिसतो, या तीन गोष्टी बघतात. एमआरआयमध्ये जिवंत भाग उजळतो, रक्त बंद झालेला भाग काळा राहतो. बाबांना एकाची दोन दिसतात, म्हणजे डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपर्यंत किंवा नसांपर्यंत आजाराची झळ पोचली आहे. पण त्यांना दिसतंय, आणि ही मोठी गोष्ट आहे. दिसत असेल आणि आजार खोबणीच्या एका कडेलाच असेल तर डोळा राखून सायनस आणि खोबणीची भिंत साफ करतात. काही ठिकाणी डोळ्यामागे ॲम्फोटेरिसिनची छोटी इंजेक्शनंही देतात. त्या इंजेक्शनांचा आधार अजून थोड्या रुग्णांच्या अनुभवापुरताच आहे, पण निवडक रुग्णांत मी त्यांच्या बाजूने आहे.

नजर पूर्ण गेली, उजेडही कळेना, डोळा दगडासारखा थिजला आणि खोबणीतली चरबी मेलेली दिसली, तर डोळा काढण्याचा विचार करावा लागतो. त्या डोळ्याने बघण्याची आशा तेव्हा उरलेली नसते आणि मागच्या बाजूने मेंदूचा रस्ता मोकळा असतो. आजार आधीच मेंदूपर्यंत गेला असेल तर डोळा काढून जीव वाचेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा डॉक्टरांना असं विचारा: “उजेड कळतो का, रोज तपासता का? एमआरआयमध्ये आजार खोबणीच्या टोकापर्यंत आहे का? डोळ्यामागच्या मोठ्या शिरेत गेला आहे का?” या तीन उत्तरांवरून तुम्हाला त्यांच्याइतकंच कळेल.

२०१६-१७ मध्ये भारतातल्या १२ रुग्णालयांतल्या ४६५ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे ७३ टक्के लोकांना मधुमेह होता, आणि तीन महिन्यांत निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण दगावले. मात्र ज्यांना औषध आणि ऑपरेशन दोन्ही मिळालं त्यांचं जगण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. आजार नाक-सायनस-डोळ्यापुरता असलेल्यांचं भवितव्य फुप्फुसात किंवा अंगभर पसरलेल्यांपेक्षा बरं असतं. बाबा त्या बाजूला आहेत आणि त्यांना दोन्ही उपचार वेळेत मिळत आहेत.

इंजेक्शनाचे आठवडे संपले की बहुधा पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या सुरू होतील: पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोन वेळा, मग रोज एकदा, जेवणाबरोबर, आणि काही महिने. गोळी फोडायची किंवा चावायची नाही. बाबा कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेत असतील तर या काळात ते बंद किंवा बदलून घ्या. दोन्ही एकत्र गेली तर स्नायू झिजून मूत्रपिंडांवर आणखी भार येतो. नाकाची दुर्बीण आधी दर आठवड्याला, मग महिन्याला करावी लागेल, आणि ठरलेल्या वेळी एमआरआय. घरी आल्यावर नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित पाणी आलं, गालाची बधिरता वाढली, दात हलायला लागला, पापणी खाली आली किंवा नव्याने डोकं दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सोलापूरला घेऊन या.